रेषांच्या आत राहिलेले ठिपके : एका पिनच्या व्यासाचे प्रकरण

भोसरीतील एका लहान टर्निंग शॉपमध्ये घडलेले हे प्रकरण आहे. तिथल्या एका सीएनसी लेथवर पोलादी पिनची फिनिश टर्निंग होत असे. ड्रॉइंगप्रमाणे पिनचा व्यास २०.००० मिलिमीटर आणि त्यावर टॉलरन्स अधिक-उणे ०.०३० मिलिमीटर होता, म्हणजे १९.९७० ते २०.०३० मिलिमीटर या पट्ट्यातला प्रत्येक नग चालणार होता. मशीन तासाला साधारण ४० नग देत असे. दर अर्ध्या तासाने ऑपरेटर सलग निघालेले पाच नग उचलून डिजिटल मायक्रोमीटरने मोजत असे, त्या पाचांची सरासरी काढत असे आणि मशीनशेजारी लावलेल्या तक्त्यावर ठिपका देत असे. शॉपमध्ये त्या तक्त्याला सगळे कंट्रोल चार्ट म्हणत. मी त्या काळात तिथे गुणवत्तेचे काम पाहत असे, पण हा तक्ता माझ्या आधीपासून भिंतीवर होता आणि तो नीट तपासून पाहण्याचे माझ्याही मनात आले नव्हते.

एके दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास अंतिम तपासणीत एक पिन स्नॅप गेजच्या ‘गो’ बाजूतून गेली नाही. ती जाड निघाली होती. मशीन थांबवले, आणि सकाळी सातपासून निघालेले सुमारे ३८० नग दोन माणसे बसवून एकेक करून तपासावे लागले. त्यात एकूण तीन नग वरच्या मर्यादेबाहेर सापडले, आणि तिन्ही दुपारी अडीचनंतर बनलेल्या साधारण ८० नगांमधले होते. तीन नग ही संख्या फार मोठी नाही. मला अस्वस्थ केले ते ऑपरेटरच्या वाक्याने. तक्त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “मॅडम, सकाळपासून एकही ठिपका रेषेबाहेर गेलेला नाही. मी मशीन कशासाठी थांबवायला हवे होते?”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. तक्त्यावरच्या एकाही ठिपक्याने रेष ओलांडली नव्हती. चूक ऑपरेटरची नव्हती, रेषांची होती.

तक्त्यावर कोणत्या रेषा होत्या

त्या तक्त्यावर मधली रेष शून्यावर होती, वरची अधिक ३० मायक्रॉनवर आणि खालची उणे ३० मायक्रॉनवर. (पुढे सर्वत्र मापे २०.००० मिलिमीटरपासूनच्या फरकात, मायक्रॉनमध्ये दिली आहेत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) कुणीतरी ड्रॉइंग समोर ठेवून टॉलरन्सच्या सीमा जशाच्या तशा तक्त्यावर उतरवल्या होत्या. या सीमांना विनिर्देश मर्यादा म्हणतात. त्या ग्राहकाच्या गरजेतून येतात: पिन ज्या छिद्रात बसणार आहे, त्या छिद्राशी तिचा मेळ किती घट्ट किंवा सैल चालेल, यावरून डिझाइन करणाऱ्याने त्या ठरवलेल्या असतात. लेथला त्या माहीत नसतात. लेथची अवस्था कशीही असो, ड्रॉइंगवरचे आकडे तेच राहतात.

नियंत्रण मर्यादांचा उगम पूर्णपणे वेगळा आहे. त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या आकड्यांवरून काढतात आणि त्यांचा प्रश्नही वेगळा असतो. नग चांगला आहे का, हे विनिर्देश मर्यादा विचारतात. प्रक्रिया कालपर्यंत वागत होती तशीच आजही वागते आहे का, हे नियंत्रण मर्यादा विचारतात. १९२४ साली वॉल्टर श्यूहार्ट यांनी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला नियंत्रण आलेख मांडला तो या दुसऱ्या प्रश्नासाठीच. प्रत्येक प्रक्रियेत थोडी चलबिचल कायमच असते; तिच्या नेहमीच्या आवाक्यात बसत नाही असे काही घडले तरच कारण शोधायला उठावे, असा त्यामागचा विचार आहे.

आमच्या तक्त्यात यापेक्षाही गंभीर दोष होता, आणि तो पटकन लक्षात येत नाही. विनिर्देश मर्यादा एकेका नगासाठी असतात, आणि तक्त्यावर ठिपके मात्र पाच नगांच्या सरासरीचे होते. सरासरीत जाडबारीक नग एकमेकांना भरून काढतात, त्यामुळे सरासरी एकेका नगाइतकी वरखाली होत नाही. पाच नगांच्या सरासरीचा फैलाव एकेका नगाच्या फैलावाच्या साधारण ०.४५ पट, म्हणजे निम्म्याहूनही थोडा कमी असतो, कारण त्याला पाचच्या वर्गमूळाने भागायचे असते. आता असा विचार करावा, की सरासरीचा ठिपका त्या तक्त्यावरच्या अधिक ३० च्या रेषेला टेकला आहे. याचा अर्थ मशीनचे केंद्रच टॉलरन्सच्या काठावर जाऊन पोचले आहे आणि निघणाऱ्या नगांपैकी जवळजवळ निम्मे नग नापास होत आहेत. निम्मा माल वाया जाईपर्यंत गप्प राहणारी रेष आम्ही धोक्याची खूण म्हणून भिंतीवर लावून ठेवली होती.

त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या गटाची पाच मापे याचा पुरावाच आहेत: ११, २७, १८, १४ आणि २०. सरासरी १८. पाचही नग टॉलरन्समध्ये, ठिपका वरच्या रेषेपासून बारा मायक्रॉन खाली, सगळे ठीक दिसते. पण केंद्र १८ वर असताना या मशीनच्या नेहमीच्या फैलावाप्रमाणे शंभरातले साधारण चार नग ३० च्या वर जातात. पाच नगांच्या नमुन्यात त्यांतला एखादा सापडेल अशी शक्यता कमीच, म्हणून नमुना स्वच्छ दिसला आणि पेटीत मात्र जाड पिना पडत राहिल्या.

प्रक्रियेच्या आकड्यांवरून काढलेल्या मर्यादा

दुसऱ्या दिवशी मी आधीच्या आठवड्यातली रजिस्टरची पाने काढली. त्या आठवड्यात मशीनवर काही वेगळे घडल्याची नोंद नव्हती आणि तपासणीत एकही नग नापास झालेला नव्हता. त्यातले सलग २५ गट घेतले, म्हणजे एकूण १२५ मापे. प्रत्येक गटासाठी दोन आकडे काढले: सरासरी, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांतला फरक, ज्याला पल्ला म्हणतात. उदाहरणार्थ, एका गटाची मापे उणे १०, ३, १, उणे ७ आणि ३ अशी असतील, तर त्यांची बेरीज उणे १०, सरासरी उणे २, आणि पल्ला ३ पासून उणे १० पर्यंत, म्हणजे १३.

पंचवीस सरासरींची सरासरी अधिक १ मायक्रॉन आली. तक्त्याची मधली रेष इथे यायला हवी. ती शून्यावर का नाही, असे सुपरवायझरने लगेच विचारले, कारण ड्रॉइंगचे मध्यमाप शून्य आहे. पण मशीन ज्या जागी स्थिरपणे चालते आहे ती जागा दाखवणे हे मधल्या रेषेचे काम आहे; ते केंद्र ड्रॉइंगच्या मध्याकडे सरकवायचे असेल तर तो निर्णय वेगळा, आणि तो घेऊन ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती, बदलल्यावर रेष पुन्हा काढावी लागते.

पल्ल्यांची सरासरी १६.३ आली. पाच नगांच्या गटासाठी ठरलेला गुणक ०.५७७ आहे. १६.३ ला त्याने गुणले की ९.४ येतात, आणि ते मधल्या रेषेच्या वर व खाली मोजले की सरासरीच्या नियंत्रण मर्यादा मिळतात: वर १०.४, खाली उणे ८.४. पल्ल्याच्या तक्त्याची वरची मर्यादा १६.३ गुणिले २.११४, म्हणजे ३४.५, पाचच्या गटासाठी पल्ल्याची खालची मर्यादा शून्यच धरतात.

एकेका नगाचा फैलाव किती, हेही याच पल्ल्यावरून कळते. १६.३ ला २.३२६ ने भागले की ७ मायक्रॉन हे प्रमाण विचलन येते. त्याच्या तिप्पट दोन्ही बाजूंना धरले, तर ही प्रक्रिया शांतपणे चालत असताना जवळजवळ सगळे नग उणे २० ते अधिक २२ या पट्ट्यात पडतात. टॉलरन्सचा पट्टा उणे ३० ते अधिक ३० असल्यामुळे दोन्ही बाजूंना आठ-दहा मायक्रॉनची मोकळी जागा उरते. म्हणजे मशीन या कामाला पुरेसे सक्षम होते. वरच्या बाजूने हिशेब केला तर सीपीके हा क्षमतेचा निर्देशांक जवळपास १.३८ येतो.

इथे मर्यादांच्या तीन जोड्या झाल्या. ग्राहकाची ३० ची, एकेका नगाची साधारण २१ ची आणि पाचांच्या सरासरीची ९.४ ची. तक्त्यावर सरासरीचे ठिपके द्यायचे असतील तर त्यावर फक्त तिसरी जोडी असावी. पहिली जोडी त्याच कागदावर ‘माहितीसाठी’ म्हणून काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडावी असे मला ठामपणे वाटते, कारण ज्या कागदावर दोन्ही जोड्या असतात तिथे माणसाचे डोळे नेहमी रुंद जोडीकडे जातात.

गट कसे उचलले जातात याचाही या मर्यादांशी थेट संबंध आहे. आमच्याकडे पाचही नग सलग निघालेले असत, त्यामुळे पल्ल्यात फक्त त्या पाच-सात मिनिटांची चलबिचल येत होती. हेच पाच नग अर्ध्या तासातून इथून-तिथून वेचले असते, तर अर्ध्या तासात झालेला सरकाव पल्ल्यातच मिसळला असता, पल्ला फुगला असता, मर्यादा रुंद झाल्या असत्या आणि जो बदल पकडायचा तोच मर्यादांच्या पोटात लपला असता.

तोच दिवस, नव्या रेषांवर

आता त्या दिवसाचे आकडे नव्या तक्त्यावर मांडले. मापे तीच, ठिपके तेच. फक्त मधली रेष १ वर आणि मर्यादा १०.४ व उणे ८.४ वर.

| वेळ | सरासरी | पल्ला |
|---|---|---|
| ७:०० | −२ | १३ |
| ७:३० | ३ | १९ |
| ८:०० | ० | ११ |
| ८:३० | ४ | १६ |
| ९:०० | −१ | २२ |
| ९:३० | २ | १४ |
| १०:०० | ४ | १७ |
| १०:३० | ३ | १२ |
| ११:०० | ६ | २० |
| ११:३० | ५ | १५ |
| १२:०० | ७ | १८ |
| १२:३० | ६ | १० |
| १:०० | ९ | २१ |
| १:३० | ८ | १६ |
| २:०० | १२ | १४ |
| २:३० | १५ | १९ |
| ३:०० | १६ | १७ |
| ३:३० | १८ | १६ |
| ४:०० | १९ | १५ |

आधी पल्ल्याचा रकाना पाहावा. तो १० ते २२ च्या दरम्यान आहे, ३४.५ च्या जवळपासही कुठे गेलेला नाही आणि दुपारी वाढलेलाही नाही. म्हणजे नगांचा फैलाव दिवसभर होता तेवढाच राहिला. चक सैल झाला असता किंवा बेअरिंग खेळू लागले असते, तर बहुधा तिथे काही दिसले असते. सरकले ते केवळ केंद्र. कारण शोधायला कुठे जायचे आणि कुठे जायचे नाही, हे इतक्यावरून बरेचसे ठरते.

सरासरीच्या रकान्यात दोन वाजताचा ठिपका १२ वर आहे, म्हणजे वरच्या नियंत्रण मर्यादेबाहेर. एक ठिपका मर्यादेबाहेर हा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा नियम, आणि तो एकटा वापरला असता तरी मशीन दोन वाजता थांबले असते, पहिला नापास नग पडण्याआधी. पण सकाळचे ठिपके वाचले की त्याहूनही आधीची एक खूण दिसते. नऊ वाजेपर्यंत ठिपके मधल्या रेषेच्या कधी वर, कधी खाली पडत होते. साडेनऊपासून ते वरच राहिले: २, ४, ३, ६, ५, ७, ६. साडेबाराचा ठिपका हा सलग वरच्या बाजूचा सातवा ठिपका. सलग सात ठिपके एकाच बाजूला पडले की कारण शोधायचे, हा सात ठिपक्यांचा नियम दोन वाजण्याच्या दीड तास आधी बोलला.

सात का

मधली रेष प्रक्रियेच्या केंद्रावर असेल आणि काही बदललेले नसेल, तर पुढचा ठिपका वर पडण्याची शक्यता साधारण निम्मी आणि खाली पडण्याचीही निम्मी. सलग सात ठिपके वर पडण्याची शक्यता एकाला १२८, आणि सलग सात खाली पडण्याचीही तेवढीच. दोन्ही मिळून एकाला ६४. कोणतेही ठरावीक सात ठिपके घेतले, तर ते सगळे एकाच बाजूला पडणे इतके दुर्मीळ आहे की ते घडल्यावर नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या नियमाची खरी उपयुक्तता लहान सरकावात दिसते. समजा केंद्र १ वरून ५ वर गेले. सरासरीचे प्रमाण विचलन साधारण ३.१ मायक्रॉन असल्यामुळे अशा वेळी एखादा ठिपका १०.४ च्या वर जाण्याची शक्यता फक्त चोवीसात एक. मर्यादा ओलांडली जाण्याची वाट पाहिली, तर सरासरीने दीड शिफ्ट निघून जाईल. पण त्याच सरकावात प्रत्येक ठिपका मधल्या रेषेच्या वर राहण्याची शक्यता दहापैकी नऊ असते, आणि सात सलग ठिपके जवळजवळ निम्म्या वेळा पहिल्या साडेतीन तासांतच जमतात. मोठा धक्का मर्यादा पकडते. हळूच झालेला सरकाव ही रांग पकडते.

नियमात सातच का, यावर मतभेद आहेत. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या पुस्तिकेत आठ ठिपके आहेत, लॉइड नेल्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या नियमांत नऊ, आणि वाहन उद्योगाच्या एआयएजी मार्गदर्शिकेत सात. आपल्याकडे पुरवठादार कारखान्यांत सात रुजले ते मुख्यतः वाहन उद्योगामुळे. यांत बरोबर-चूक असे नाही, मोल वेगवेगळे आहे. काहीही बिघडलेले नसताना सातचा नियम सरासरीने दर १२७ ठिपक्यांमागे एकदा उगाच ओरडतो, आठचा दर २५५ मागे आणि नऊचा दर ५११ मागे. लवकर कळायला हवे असेल तर खोट्या हाका जास्त सहन कराव्या लागतात.

या नियमाच्या शेजारी आणखी एक नियम सांगितला जातो आणि दोहोंची नेहमी गल्लत होते: सलग सात ठिपके चढत किंवा उतरत जाणे. आमच्या आकड्यांवर तो नियम दिवसभरात एकदाही लागू झाला नाही. दहापासून दीडपर्यंत चढ डोळ्यांना स्पष्ट दिसतो, पण ४, ३, ६, ५, ७, ६, ९, ८ अशी प्रत्येक दुसरी पायरी खाली येते, आणि दीडनंतर सलग चढ आहे तो सहाच ठिपक्यांचा, ८ पासून १९ पर्यंत. चढणीच्या नियमावर विसंबून राहिलो असतो, तर चारपर्यंत काहीच कळले नसते. प्रत्येक ठिपक्यात स्वतःची चलबिचल असते आणि ती चढण मोडत राहते, म्हणून मी ‘एकाच बाजूला सात’ हा नियम पहिला शिकवते आणि चढणीचा नंतर.

मोजताना एक बारीक गोष्ट पाळावी. ठिपका नेमका मधल्या रेषेवर पडला, तर रांग तिथे तुटली असे धरावे. आणि ही रांग प्रक्रियेच्या मध्यरेषेपासून मोजायची आहे, ड्रॉइंगच्या शून्यापासून नाही. मशीन कायम ४ वर स्थिर चालत असेल आणि आपण शून्यापासून मोजत असू, तर प्रत्येक शिफ्टमध्ये रांगा दिसतील आणि दोन आठवड्यांत कोणीही त्यांच्याकडे पाहणार नाही.

कारण काय निघाले

साडेबारा वाजता खूण मिळाली असती तर काय करायला हवे होते, हे आम्ही नंतर त्याच क्रमाने करून पाहिले. सर्वांत आधी मायक्रोमीटर, कारण मोजणारेच सरकले असेल तर मशीनला हात लावणे म्हणजे चांगले चाललेले बिघडवणे. २० मिलिमीटरच्या सेटिंग मास्टरवर मायक्रोमीटर बरोबर वाचत होते. मग इन्सर्ट, म्हणजे हत्यारावरचा कातणारा तुकडा. भिंगातून पाहिल्यावर टोकाच्या बाजूची झीज तेवढ्या नगांना अपेक्षित होती त्याच्या दुपटीहून जास्त दिसली. बाहेरचा व्यास कातताना टोक झिजले की ते कामापासून मागे राहते आणि नग जाड होतो. ठिपके वरच्या बाजूला चढले याचा अर्थ लागला. पण झीज आजच एवढी का?

उत्तर रजिस्टरमध्ये होते. पावणेदहा वाजता बारचा नवा लॉट लावला होता. माल तोच, ईएन८, पण हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या वितळणीतून आले तिचा क्रमांक, वेगळा. हार्डनेस घेतला तेव्हा जुना लॉट १९० ब्रिनेलच्या आसपास आणि नवा २३५ च्या आसपास आला. कठीण माल कातताना हत्यारावर दाब जास्त येतो आणि ते किंचित मागे रेटले जाते, म्हणून लॉट बदलताच व्यास दोन-तीन मायक्रॉननी वर गेला; त्यानंतर जलद झिजेमुळे तो चढतच राहिला. आधी पायरी, मग चढ: ठिपक्यांचा आकार आणि कारणांचा क्रम इथे अगदी जुळतो.

रांगेतला पहिला ठिपका साडेनऊचा होता आणि लॉट तर पावणेदहाला बदलला. ही विसंगती नाही. साडेनऊचा २ हा केवळ योगायोगाने रेषेच्या वर पडला आणि रांगेत मोजला गेला. रांग सुरू झाली त्याच क्षणी बदल झाला असे कधीही गृहीत धरू नये. बदल त्या सुमारास झाला एवढेच रांग सांगते, आणि शोध घेताना थोडे मागचे व थोडे पुढचे दोन्ही पाहावे लागते.

सुपरवायझरचा एक आक्षेप मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण तो अगदी व्यवहारी होता. त्याने विचारले, की साडेबारापर्यंतचे सगळे नग पास होते. तेव्हा मशीन थांबवले असते तर चांगले उत्पादन थांबवले, असे झाले नसते का? नग पास होते हे खरे. तोपर्यंत केंद्र सहा-सातवर होते आणि तिथून ३० पर्यंत तीन प्रमाण विचलनांहून जास्त अंतर होते. पण दहा मिनिटांची तपासणी त्या वेळी झाली असती, तर इन्सर्टचे टोक फिरवून आणि ऑफसेट चार मायक्रॉन खाली घेऊन काम पुढे चालले असते. त्याऐवजी दोन माणसांची अर्धी शिफ्ट ३८० नग निवडण्यात गेली. मर्यादांच्या दोन जोड्यांमधली ही जागाच कामाला वेळ देते: नियंत्रण मर्यादेच्या आत खूण मिळते, आणि टॉलरन्सच्या काठापर्यंत अजून अंतर असते.

दुसरा प्रश्न ऑपरेटरचा होता: सात ठिपक्यांची वाट कशाला पाहायची, ठिपका वर दिसला की लगेच तेवढा ऑफसेट खाली घेऊ. हे करू नये, आणि का करू नये ते त्याला मागच्या आठवड्याच्या शांत आकड्यांवरून दाखवले. प्रक्रिया स्थिर असताना ठिपका ४ वर पडला तर तो बहुतेक वेळा योगायोगाने पडलेला असतो, आणि पुढचा आपोआपच मध्याकडे येण्याची शक्यता जास्त. प्रत्येक ठिपक्यामागे तेवढाच ऑफसेट दिला, तर दोन योगायोगांची बेरीज होत जाते आणि ठिपक्यांचा फैलाव सुमारे १.४ पट होतो. “म्हणजे मीच मशीन हलवत राहीन,” तो म्हणाला. त्याने ते अचूक ओळखले.

पुढे काय ठरले

नव्या लॉटसाठी इन्सर्टचे एक टोक २०० नगांनंतर फिरवायचे ठरवले आणि हीट नंबर बदलला की पहिल्या गटाचा ठिपका लगेच द्यायचा, अर्ध्या तासाची वाट पाहायची नाही, असे कार्डावर लिहिले. पुरवठादाराकडून प्रत्येक हीटसोबत हार्डनेसचा आकडा मागितला. मर्यादा मात्र बदलल्या नाहीत. बिघाडाच्या दिवसाचे आकडे मिसळून मर्यादा पुन्हा काढणे म्हणजे बिघाडालाच नेहमीचे वागणे ठरवणे होय. शांत आठवड्यावरून काढलेल्या रेषांवर पुढचे दोन आठवडे ठिपके व्यवस्थित पडले, तेव्हा त्याच रेषा कायम ठेवल्या.

या प्रकरणात मशीन सक्षम होते, म्हणून रेषा दुरुस्त केल्यावर प्रश्न सुटला. प्रमाण विचलन ७ ऐवजी १२ असते, तर नगांचा नैसर्गिक पट्टा ३६ पर्यंत गेला असता, तक्ता पूर्ण शांत राहिला असता आणि तरीही रोज शंभरातला एखाद-दुसरा नग नापास झाला असता. तिथे सातचा नियम काही करू शकत नाही. स्थिर असलेली प्रक्रिया टॉलरन्सला अपुरी पडत असेल, तर मशीन, पद्धत किंवा ड्रॉइंग यांपैकी काहीतरी बदलावे लागते, आणि तो निर्णय ऑपरेटरच्या हातातला नसतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा सात ठिपक्यांची रांग आली, या वेळी मधल्या रेषेखाली: ०, −१, ०, −३, −२, ०, −१. ऑपरेटरने स्वतःच मशीन थांबवून मला बोलावले. मायक्रोमीटर मास्टरवर बरोबर होते, इन्सर्टचे टोक नवे होते, बारचा हीट नंबर तोच होता, कूलंटची पातळी व सांद्रता नेहमीसारखी होती. काहीच सापडले नाही. दोन शिफ्टमध्ये मिळून दिवसाला ३२ ठिपके पडत असल्यामुळे साधारण चार दिवसांतून एक अशी खोटी हाक येणे हिशेबातच होते, आणि सातऐवजी नऊ करावेत का, यावर आम्ही त्या दिवशी बोललोही. एका हाकेला दहा मिनिटे लागत होती, म्हणून सातच ठेवले. ऑफसेटला हात न लावता मशीन सुरू केले. पुढचा ठिपका ३ वर पडला. रजिस्टरमध्ये त्या तारखेसमोर ऑपरेटरच्या अक्षरात नोंद आहे: “सात खाली. सगळे तपासले. कारण सापडले नाही. ऑफसेट दिला नाही.”